गूळ कुठल्या कपाटात? सातवीच्या ग्रंथालय तासांच्या नोंदी

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली. सातवीचा ग्रंथालय तास यंदा माझ्याकडे आहे. आतापर्यंत या तासाला मुलं रांगेनं यायची, हाताला येईल ते पुस्तक घ्यायची, वहीत सही करायची आणि घंटा झाली की परत द्यायची. वाचनाची गोडी लागायला तेवढंही पुष्कळ आहे. पण मनात एखादा प्रश्न असेल तर त्याचं पुस्तक आपलं आपण शोधून काढता येणं, आणि त्यातून चार ओळींचं टिपण करता येणं, या दोन गोष्टी कुणी शिकवल्याशिवाय येत नाहीत. सातवीत आल्या नाहीत तर आठवी-नववीचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊन येतात. म्हणून या सत्रात एवढ्या दोनच गोष्टी घ्यायच्या.

आमच्या कपाटांत पुस्तकं दाखल क्रमांकानं लावलेली आहेत, म्हणजे ज्या क्रमानं शाळेत आली त्या क्रमानं. बेडकावरच्या पुस्तकाला लागून संतचरित्र, त्याला लागून शिवणकाम. साठा मोजायला हा क्रम बरा, पण विषयानं शोधणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आधी कपाटं बदलायला हवीत.

सरावासाठी सगळ्या वर्गाला एकच विषय द्यायचा ठरवलं: गूळ. अर्ध्या मुलांच्या गावाला गुऱ्हाळ आहे आणि आता हंगामही चालू आहे. मुख्य कारण मात्र वेगळं आहे. ‘गूळ’ अशा नावाचं एकही पुस्तक आमच्याकडे नाही, पण गुळाची माहिती बऱ्याच पुस्तकांत आहे. शोधायला शिकवायचं तर असाच विषय हवा.

१४ नोव्हेंबर

आठवीच्या चार मुली आणि मी, असं मिळून कपाटं लावतोय. ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धत घेतली. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग आणि प्रत्येकाला शंभर आकडे: ३०० समाजशास्त्रं, ५०० विज्ञान, ६०० शेती, वैद्यक, यंत्रं असं उपयोगाचं शास्त्र, ७०० कला आणि खेळ, ९०० इतिहास-भूगोल. शाळेपुरते तीनच आकडे लिहितोय. जिथं पुस्तकांची गर्दी आहे तिथंच दशांश चिन्हापुढं जायचं.

गोष्टींच्या पुस्तकांना मात्र ही पद्धत लावली नाही. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असा सुरू होतो, आणि आमची निम्म्याहून जास्त पुस्तकं कथा-कादंबऱ्यांची. तेवढ्या सगळ्यांवर तोच लांबलचक आकडा चिकटवून मुलांना काय कळणार? तिथं ‘कथा’ असं लिहून खाली लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. नियम मोडला, पण शोधायला सोपं झालं. शाळेच्या ग्रंथालयात मी हेच बरोबर मानते.

चिठ्ठी कण्यावर, तळापासून दोन बोटं वर. सगळ्या एका उंचीवर असल्या तरच फळीवरून नजर सरळ फिरते. बालसाहित्यातली पातळ पुस्तकं कण्याला इतकी बारीक असतात की चिठ्ठी बसतच नाही. त्यांना मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात वर. जुना दाखल क्रमांक तसाच ठेवलाय, तपासणीला तोच लागतो.

२० नोव्हेंबर

पहिला खरा तास. फळ्यावर प्रश्न लिहिला: ‘काही गूळ सोनेरी आणि काही काळपट, असं का?’ आणि सांगितलं, पुस्तक शोधा.

सगळी मुलं कपाटांकडं धावली आणि कण्यांवरची नावं वाचू लागली. थोड्याच वेळात एकजण परत आला. “मॅडम, गुळाचं पुस्तकच न्हाई आपल्यात.” दुसरीनं पाककृतीचं पुस्तक आणलं, त्यात गुळाची पोळी होती. गूळ होता, पण प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग सगळ्यांना खाली बसवलं. पुस्तकाचं नाव आणि पुस्तकाचा विषय या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथं सांगावं लागतं. एवढ्याशा विषयावर सबंध पुस्तक क्वचितच निघतं. तो कुठल्यातरी मोठ्या विषयाच्या पोटात असतो. म्हणून फळ्यावर ‘गूळ’ लिहून त्याच्या वर एकेक पायरी चढवायला सांगितली. गूळ कशापासून? ऊस. ऊस म्हणजे काय? पीक. पीक कशात येतं? शेती. ही एक शिडी झाली. मग विचारलं, गूळ ‘करतात’ की ‘पिकतो’? एक मुलगी म्हणाली, “पिकतो ऊस, गूळ करत्यात.” मला हेच हवं होतं. करण्याची दुसरी शिडी: गूळ, साखर, खाण्याचे पदार्थ तयार करण्याचे उद्योग.

पहिल्या शिडीनं मुलं ६३० शेतीच्या फळीवर गेली, तिथं ६३३ म्हणजे शेतातली पिकं, त्यात ऊस. दुसऱ्या शिडीनं ६६४, अन्नप्रक्रिया, त्यात साखर आणि गूळ. आमच्या प्रश्नाचं उत्तर ६६४ मध्ये होतं. ६३३ मधल्या पुस्तकात लागण, खतं, तोडणी सगळं होतं; गुऱ्हाळाबद्दल मात्र एकच परिच्छेद.

पुस्तक हातात आल्यावरचं कामही वेगळं शिकवावं लागलं. मुलं पहिल्या पानापासून वाचायला लागतात. अनुक्रमणिका पुढं असते आणि प्रकरणं पानांच्या क्रमानं सांगते. विषयांची सूची मागं असते आणि शब्द अक्षरक्रमानं देते. लहानशा विषयाला मागची सूचीच उपयोगाची, पण मराठी माहितीपर पुस्तकांत, त्यातही मुलांसाठीच्या, ती बहुतेक वेळा नसतेच. तेव्हा अनुक्रमणिकेतून प्रकरण निवडायचं आणि त्याची पानं उलटताना मोठ्या शिडीचा नाही, अगदी खालच्या पायरीचा शब्द शोधत जायचं: गूळ, काहील, मळी. वर चढून पुस्तक सापडतं आणि खाली उतरून पान सापडतं, हे मुलांनी दोन पुस्तकांवर करून पाहिलं.

२५ नोव्हेंबर

आजची गोष्ट छोटी, पण पुन्हा पुन्हा आडवी येणारी. पुरावरची आणि हवामानाची पुस्तकं जास्त असल्यानं तिथं दशांशापर्यंत आकडे दिलेत. पाणी आणि नद्या ५५१.४८, हवामान ५५१.५. परत ठेवताना जवळजवळ सगळ्यांनी ५५१.४८ हे ५५१.५ च्या नंतर लावलं, कारण अठ्ठेचाळीस पाचापेक्षा मोठे.

गणितात दशांश अपूर्णांक झालेले आहेत, पण कपाटापुढं ते आठवत नाहीत. “पॉइंट अठ्ठेचाळीस” असं वाचायला बंदी केली. “पॉइंट चार आठ” असंच वाचायचं. दोन आकडे एकाखाली एक लिहायचे आणि चिन्हापुढचा पहिला अंक आधी बघायचा: चार हा पाचाच्या आधी, संपलं. वाचायची पद्धत बदलल्याबरोबर चुका कमी झाल्या.

२८ नोव्हेंबर

गुळाची पुस्तकं दोन फळ्यांवर कशी, हा प्रश्न एका मुलानं फार चांगला विचारला. “एकाच जागी का ठेवत न्हाई?”

त्याला उत्तर देणं गरजेचं होतं. ही पद्धत वस्तूनुसार नाही, तर त्या वस्तूकडं कोण कुठल्या बाजूनं बघतो त्यानुसार पुस्तकं लावते. शेतकरी बघतो तो ऊस ६३३ मध्ये, गुळव्या बघतो तो गूळ ६६४ मध्ये, घरात स्वयंपाकाला लागतो तो ६४१ मध्ये, आणि बाजारात त्याच्या उत्पादनाचा-भावाचा हिशेब ३३८ मध्ये. प्रत्येक पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, म्हणून विषय विखुरला जाणारच. विखुरलेलं एकत्र आणायचं काम फळी करत नाही, सूची करते. ड्यूईच्या पद्धतीतही आकड्यांच्या जोडीला अशी सूची पहिल्यापासून आहे.

तेव्हा आमची सूची आम्हीच करायला घेतली. लांब फुलस्केप वही, अक्षरक्रमानं पानं, आणि शब्द मुलांचेच. पहिली नोंद फळ्यावर सगळ्यांनी मिळून केली:

गूळ: ऊस पिकवणे ६३३, गूळ करणे ६६४, स्वयंपाक ६४१, बाजार ३३८
गुऱ्हाळ: ‘गूळ’ पाहा
काकवी: ‘गूळ’ पाहा

‘पाहा’च्या नोंदी मुलांना खूप आवडल्या. तालीम पाहा कुस्ती, वहाण पाहा चप्पल. पुस्तकातला शब्द एक आणि घरातला शब्द दुसरा, हे अंतर भरून काढायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. छापील याद्यांत ‘पादत्राणे’ असतं. पायताण म्हणणारं मूल तिथवर पोचतच नाही.

एक नियम मी घातला. पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन, त्यात तो विषय आहे हे पान उघडून पाहिल्याशिवाय सूचीत आकडा लिहायचा नाही.

४ डिसेंबर

टिपणाचा पहिला तास. सगळ्यांसमोर एकच मजकूर असावा म्हणून मीच पुस्तकी भाषेत एक उतारा लिहून वाटला:

“उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यातील अशुद्ध घटक मळीच्या रूपाने पृष्ठभागी जमा होतात. भेंडीच्या खोडाचा चिकट रस मिसळल्यास ही मळी एकत्र होऊन काढणे सुलभ होते. मळी वेळेवर व पूर्णपणे काढल्यास गुळास सोनेरी रंग प्राप्त होतो. ती उरल्यास अथवा रस प्रमाणाबाहेर तापल्यास गूळ काळपट होतो.”

सांगितलं, आपल्या शब्दांत लिहा. बहुतेक वह्यांत आलं ते असं: “उसाचा रस काहिलीत गरम होऊ लागला की त्यातील खराब घटक मळीच्या स्वरूपात वर गोळा होतात. भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकल्यास ही मळी एकत्र होऊन काढणे सोपे होते...”

हे टिपण नव्हे. शब्द बदललेत, वाक्यं तीच आहेत. मुलं फसवत नाहीत. ‘आपल्या शब्दांत’ याचा अर्थ त्यांना समानार्थी शब्द असाच शिकवला गेलाय. तपासताना मी तीन खुणा बघते. वाक्यांचा क्रम मुळातलाच आहे का? ‘प्राप्त होतो’, ‘अथवा’, ‘सदर’ असे बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी नसलेले शब्द उरलेत का? आणि टिपणातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून “म्हणजे काय रे?” विचारलं तर सांगता येतं का? गुऱ्हाळ असलेल्या घरातली मुलंसुद्धा ‘अशुद्ध घटक’ म्हणजे काय ते सांगू शकली नाहीत. रोज बघतात ती मळीच ती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

९ डिसेंबर

आज तोच उतारा, वेगळी रीत. जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांचे साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे तुकडे कापून आणले, ग्रंथालयाच्या तालिकापत्राच्या मापाचे. जागा लहान असली की उतरवून काढायचा मोह आपोआप कमी होतो.

कार्डावर सगळ्यात वर आपला प्रश्न लिहायचा. मग उतारा दोनदा वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि शेजारच्याला तोंडी उत्तर सांगायचं. सांगितलेलं तेवढंच लिहायचं. शेवटी कागद पुन्हा सुलटा करून नावं आणि आकडे ताडून बघायचे. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हांत.

बेंचांच्या एका रांगेला ‘रंग कशामुळे बदलतो?’ हा प्रश्न दिला, दुसऱ्या रांगेला ‘भेंडी कशाला लागते?’. पहिल्या रांगेतल्या एका मुलीचं कार्ड:

“रस उकळताना वर घाण येते, तिला मळी म्हणतात. ती सगळी काढली तर गूळ सोनेरी. राहिली तर काळा. रस जास्त तापला तरी काळाच.”

दुसऱ्या रांगेतल्या मुलाचं:

“भेंडीच्या झाडाचा रस चिकट असतो. तो काहिलीत घातला की मळी एका जागी येते, मग काढायला सोपी.”

उतारा एक आणि टिपणं दोन, दोन्ही बरोबर. पहिलीनं भेंडी गाळली कारण तिच्या प्रश्नाला ती लागत नव्हती. काय सोडायचं हे प्रश्न ठरवतो. प्रश्नाशिवाय टिपण करायला सांगितलं की मुलाला सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि ते सगळंच उतरवतं. ‘आपल्या शब्दांत लिहा’ ही सूचना मी आता देतच नाही. ‘प्रश्नाचं उत्तर सांग आणि सांगितलेलं लिही’, एवढं पुरतं.

तोंडी सांगण्याचा टप्पा वगळून पाहिला तर लगेच पुन्हा ‘प्राप्त होतो’ आलं. वर्गात गलका होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, पण तो टप्पा ठेवायचाच.

१६ डिसेंबर

आता कार्डाची खालची ओळ: लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पान. ही ओळ टिपणाच्या आधी लिहायची, कारण नंतर पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

वर्ष कशाला, हे मुलांना पटत नव्हतं. म्हणून दोन मुलांना भूगोलाची दोन पुस्तकं दिली आणि विचारलं, महाराष्ट्रात जिल्हे किती? एकानं सांगितलं २६, दुसऱ्यानं ३५. पाठ्यपुस्तक सांगतं ३६. तिघांचा वाद जुंपला. मग शीर्षकपृष्ठाच्या मागची बाजू उघडायला लावली. पहिलं पुस्तक महाराष्ट्र राज्य झाल्यावर थोड्याच वर्षांनी निघालेलं. १९६० साली जिल्हे २६ च होते. दुसरं पालघर वेगळा व्हायच्या आधीचं. तो झाला २०१४ मध्ये. एकही पुस्तक खोटं नव्हतं. ज्याच्या कार्डावर वर्ष आहे त्याचं टिपण आजही उपयोगाचं, ज्याच्यावर नाही त्याचं चुकीचं.

या पानावर दोन अडचणी येतात. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शकाचं वर्ष असतं. शके १९०७ पाहून एक मुलगा म्हणाला, पुस्तक शंभर वर्षांहून जुनं आहे. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९८५ (जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९). दुसरं, पुनर्मुद्रण. ‘पहिली आवृत्ती १९८५, पुनर्मुद्रण २०१५’ असं असेल तर माहिती १९८५ ची. २०१५ मध्ये फक्त पुन्हा छापलं. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर मात्र नवं वर्ष धरायचं. मुलं सगळ्यात खालचा, सगळ्यात नवा आकडा उचलतात, तेव्हा हे दाखवून द्यावंच लागतं.

२३ डिसेंबर

आज सूचीत एक नोंद वाढली आणि ती मी सांगितलेली नव्हती. ‘कोल्हापूरला गुळाची पेठ कधी झाली?’ असा प्रश्न घेतलेली मुलगी ६३३, ६६४, ३३८ तिन्ही फळ्या बघून आली. ३३८ मध्ये आमच्याकडं जवळजवळ काहीच नाही. मग तिनं शिडी दुसरीकडून चढवली: पेठ कुणी वसवली, तर राजानं, राजाचं चरित्र कुठं, तर ९२० मध्ये. राजर्षी शाहू महाराजांच्या एका चरित्रात मागं सूची होती, तिच्यात ‘शाहूपुरी’ सापडलं. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये महाराजांनी ही पेठ वसवली, हे तिला मिळालं. ती रोज शाहूपुरीतूनच शाळेला येते.

सूचीच्या वहीत तिनं स्वतः लिहिलं: गूळ: शाहूपुरी पेठ ९२०. ज्या पुस्तकाच्या नावात, वर्गांकात, अनुक्रमणिकेत कुठंही गूळ नाही, तिथली माहिती आता पुढच्या मुलाला मिनिटभरात मिळेल.

८ जानेवारी

परीक्षा घेतली ती लेखी नाही. प्रत्येकाचं कार्ड दुसऱ्याला दिलं. घेणाऱ्यानं फक्त खालची ओळ आणि सूचीची वही वापरून ते पुस्तक, ते पान काढायचं आणि वरचं टिपण त्या पानाशी ताडून बघायचं. माझ्या लाल शाईपेक्षा ही तपासणी कडक निघाली.

बहुतेक पुस्तकं सापडली. अडलं ते दोन जागी. काहींनी पान क्रमांकाऐवजी प्रकरणाचा क्रमांक लिहिला होता, त्यामुळं शोधणाऱ्याला सबंध प्रकरण चाळावं लागलं. आणि एकाच पुस्तकाच्या आमच्याकडं दोन आवृत्त्या आहेत. कार्डावर आवृत्ती नव्हती, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत त्या पानावर भलतंच निघालं. यापुढं आवृत्ती हा पाचांत सहावा रकाना.

एक टिपण मजकुराशी जुळलं नाही. पुस्तकात ‘रस प्रमाणाबाहेर तापल्यास’ होतं, कार्डावर ‘रस तापला की गूळ काळा’. तपासणाऱ्या मुलीनं समासात लिहिलं, “मग सगळाच गूळ काळा झाला असता.” तिचे वडील गुळवे आहेत. अट गाळली की अर्थ उलटतो, हे त्या मुलाला तिच्याकडून कळलं आणि त्यानं तिथल्या तिथं ‘जास्त’ हा शब्द घातला.

१५ जानेवारी

पुढची कामं. सूचीची वही सहावीकडं द्यायची. त्यांचा विषय पंचगंगेचा पूर, म्हणजे ५५१, ६२७ आणि ३६३ या तीन फळ्या. ३३८ साठी नव्या खरेदीत दोन-तीन पुस्तकं मागवायची. ती न मिळाल्यास करवीर नगर वाचन मंदिरात विचारायचं; १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, आणि आमच्या फळीवर नाही ते दुसऱ्या ग्रंथालयात कसं मागायचं हेही सातवीनं शिकायला हवं. त्यासाठी विनंतीपत्र मुलांनीच लिहायचं, पुस्तकाचं नाव माहीत नसताना विषय सांगून. मसुदा पुढच्या तासाला.